किमान पर्यायी कर की कलम 115BAA?

1961 च्या आयकर कायद्याखाली, 2024-25 या वर्षासाठी, एका कंपनीचा पुस्तकी नफा 10 कोटी रुपये आणि विशेष आर्थिक क्षेत्राची 6 कोटींची वजावट गेल्यावर करपात्र उत्पन्न 4 कोटी आहे, असे धरू (अधिभार व उपकर सोडून).

जुन्या पद्धतीत 30 टक्के दर लागू आहे असे धरल्यास कर 1.20 कोटी होतो. परंतु पुस्तकी नफ्यावरील 15 टक्के किमान पर्यायी कर, म्हणजे 1.50 कोटी, अधिक असल्याने तेच भरावे लागतात आणि फरकाचे 30 लाख क्रेडिट म्हणून पंधरा करनिर्धारण वर्षांपर्यंत पुढे ओढता येतात. पुढील वर्षी नेहमीचा कर 2 कोटी व किमान कर 1.80 कोटी आला, तर मधले 20 लाखच वळते होतात. उरलेले 10 लाख पुढे जातात.

कलम 115BAA मध्ये दर 22 टक्के असून किमान कर नाही. मात्र विशेष आर्थिक क्षेत्राची वजावटही नसल्याने पूर्ण 10 कोटींवर कर 2.20 कोटी होतो. शिवाय साठलेले क्रेडिट बुडते आणि निवड मागे घेता येत नाही. म्हणून वजावट संपेपर्यंत आणि क्रेडिट वापरून होईपर्यंत जुनी पद्धतच मला योग्य वाटते.