आईच्या बाथरूममधलं गरम पाणी: इन्सुलेशन आणि रिटर्न लाइन, आठ महिने वापरल्यावर

आमचं नाशिकचं घर तळमजला अधिक एक मजला. गच्चीवर 200 लिटरचा सोलर वॉटर हीटर आहे आणि आईची खोली तळमजल्यावर, अगदी मागच्या टोकाला. डिसेंबरात सकाळी सहाला आई नळ सोडून, शाल गुंडाळून उभी राहायची. तीन मिनिटं नुसतं बर्फासारखं पाणी. वरच्या बाथरूमला मात्र अर्ध्या मिनिटात कढत! सोलर बिघडलाय असं सगळ्यांचं मत पडलं. तो ठणठणीत होता.

एकदा लिटरच्या खुणा असलेली बादली लावून मोजलं. पाणी कोमट व्हायला 14 लिटर वाहून गेलं. मग टेप घेऊन पाइप मोजला. गच्चीवरून आणि बाहेरच्या भिंतीवरून 20 मीटर एक इंची सीपीव्हीसी, पुढे फरशीखालून आणि भिंतीतून 7 मीटर पाऊण इंची. एक इंची पाइपात मीटरमागे साधारण 430 मिलिलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत 260. म्हणजे पाइपातच साडेदहा लिटरच्या आसपास पाणी रात्रभर गार होऊन बसलेलं, आणि ते बाहेर पडल्याशिवाय मागचं गरम पाणी येणार कुठून? वरचे साडेतीन लिटर का गेले? गार पाइप आधी स्वतः तापतो, शिवाय पुढे येणारं पाणी गारात मिसळत येतं. नळाची धार मिनिटाला 5 लिटर, म्हणून जवळजवळ तीन मिनिटं.

यात मूळ चूक बांधकामाच्या वेळची आहे. हीटरपासून सरळ खाली पाऊण इंची स्वतंत्र लाइन टाकली असती तर चौदा मीटरमध्ये काम झालं असतं आणि जेमतेम साडेतीन लिटर पाणी पाइपात राहिलं असतं. पण दर्शनी भिंतीवर पाइप नको म्हणून लाइन घराला वळसा घालून नेली. तो आग्रह माझाच होता, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नाही.

आधी ऑक्टोबरात इन्सुलेशन केलं. पूर्वीचा पांढरा फोम उन्हाने कधीच भुगा होऊन गेला होता. या वेळी 19 मिलिमीटर जाडीची काळी नायट्राइल रबरची नळी चढवली आणि वरून अॅल्युमिनियमचं आवरण घेतलं, कारण उघड्यावर रबरही उन्हाने तडकतं. एल्बो आणि व्हॉल्व्ह उघडे ठेवायचा प्लंबरचा विचार होता, तेही झाकून घेतले.

आणि सकाळी? तेरा लिटर! मी वैतागलो, पण चूक माझ्या अपेक्षेत होती. इन्सुलेशन पाणी गरम करत नाही, गार होणं लांबवतं. आठ तास बंद पडलेला पाइप कितीही गुंडाळला तरी पहाटे गारच असणार. फायदा दुसऱ्या माणसाला मिळतो. पूर्वी आईची आंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पाइपातलं पाणी अंघोळीला निरुपयोगी व्हायचं, आता तासभर तग धरतं. त्यामुळे बाबा पाऊण तासाने गेले तरी दोन-तीन लिटरच सोडावे लागतात. ते भिंतीतल्या सात मीटरचं पाणी, तिथे रबर चढवायला जागाच नाही. घरात एकामागून एक आंघोळी होत असतील तर माझ्या मते इथेच थांबावं.

आमचा प्रश्न पहाटेच्या पहिल्या नळाचा होता, म्हणून डिसेंबरात रिटर्न लाइन टाकली. आईच्या बाथरूममध्ये गरम पाण्याची लाइन जिथे भिंतीतून बाहेर येते तिथे टी काढला, तिथून अर्धा इंची पाइप एग्झॉस्टच्या भोकातून बाहेर काढून थेट गच्चीवर नेला आणि सोलरच्या टाकीत गार पाणी शिरतं त्या पाइपाला जोडला. त्यावर 40 वॉटचा, गरम पाण्यासाठीचा छोटा सर्क्युलेशन पंप. आईने बाथरूमबाहेरचं बटण दाबलं की पाइपातलं गार पाणी टाकीत परत जातं आणि त्याच्या जागी गरम येतं. टी जवळच्या पाइपाला लावलेला सेन्सर 40 अंशाला पंप बंद करतो. दोन मिनिटं लागतात. म्हणजे वेळ तितकाच जातो म्हणा ना, पण आई तेवढ्यात कपडे काढून ठेवते आणि 14 लिटर पाणी गटारात जात नाही.

दोन गैरसमज इथेच सांगतो. एकाने अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप सुचवला होता, दोन मजले पाणी चढवायचं म्हणून. चढवायचं नसतंच. जाणारा आणि येणारा दोन्ही पाइप पाण्याने भरलेले असल्याने उंची एकमेकींना तोलते, पंपाला फक्त पाइपातलं घर्षण भागवायचं असतं. दुसऱ्याने पंपाशिवाय आपोआप फिरेल असं सांगितलं. टाकी खाली असती तर गरम पाणी वर चढून ते फिरलंही असतं. आमची टाकी वर आहे आणि गार, जड पाणी तळाशी. ते आपण होऊन वर का जाईल?

आता फसलो ते. जानेवारीत पाहुणे होते म्हणून मी पंप रात्रभर चालू ठेवला, कोणालाही थांबावं लागू नये म्हणून. संध्याकाळी टाकीवरचा काटा 58 अंशांवर होता, सकाळी 41 वर! नंतर हिशेब मांडला. जाणारा-येणारा मिळून 54 मीटर पाइप, इन्सुलेशन असूनही, साधारण 350 वॉट उष्णता हवेत सोडत असतो. दहा तासांत साडेतीन युनिट. आणि 200 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला लागतात आठ युनिट. रात्रभरात जवळजवळ अर्धी टाकी हवेत गेली. त्यात पंपामुळे वरचं गरम आणि खालचं गार पाणी ढवळलं जातं ते वेगळंच. म्हणून टायमरपेक्षा बटण बरं, आणि रिटर्न पाइपालाही रबर हवंच.

दुसरी भानगड मार्चमधली. पंप बंद असताना आईच्या नळाला पाणी कोमटच यायला लागलं. रिटर्न लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो नीट बसत नसेल तर नळ सोडल्यावर टाकीच्या तळाचं गार पाणी रिटर्नमधून उलटं येऊन गरमात मिसळतं. ओळखायची पद्धत सोपी आहे: रिटर्नचा बॉल व्हॉल्व्ह हाताने बंद करा आणि नळ सोडा. पाणी नीट गरम आलं तर दोष नॉन-रिटर्नचाच. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार त्यात साचला होता. खोलून व्हिनेगरमध्ये बुडवला, सुरू झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून सुटणारा जोड, बसवून घेतली असती तर पाइप कापावा लागला नसता.

सगळा खर्च सोळा हजारांच्या घरात गेला. पाणी रोज दोन वेळा मिळून अठ्ठावीस लिटर वाचतं, पण त्यातून पैसे वसूल होण्याची वाट बघू नका. ज्यांचं बाथरूम आठ-दहा मीटरवर आहे त्यांनी तिथे 3 लिटरचा इन्स्टंट गीझर लावावा, हात धुण्यापुरतं आणि बादलीच्या सुरुवातीला पुरतो. आम्हीही तेच केलं असतं, पण आईच्या बाथरूममध्ये जास्त भाराची वायरिंग नव्हती आणि भिंत पुन्हा फोडायची नव्हती.

सध्या पावसाळा आहे. सोलर तापत नाही, टाकीतला हीटर विजेवर चालतो, त्यामुळे पाइपात वाया जाणारी उष्णता आता विकतची आहे. म्हणून बटण सकाळी एकदाच दाबायचं असं ठरलंय. आई ते पाळते. बाबा पाळत नाहीत.