आधी तक्ता की आधी गोष्ट? मसाल्यांच्या ए प्लस पानांचा आमचा हिशेब

अमेझॉनवर ब्रँडची नोंदणी म्हणजे ब्रँड रजिस्ट्री झाली, ए प्लस कंटेंट म्हणजे मालाच्या पानावर फोटो आणि मजकूर सजवून टाकायची सोय उघडली (जुनी मंडळी अजून ईबीसीच म्हणतात) आणि आता चार-पाच चालणाऱ्या मालाची पानं सजवायची आहेत, अशा माणसापुढे पहिला प्रश्न येतो तो हाच. वर काय टाकायचं, आपल्याच मालाची तुलना करणारा तक्ता की ब्रँडची छोटी गोष्ट? दोन्ही टाकता येतात हे मान्य, पण साध्या ए प्लसमध्ये पाचच मॉड्यूल, म्हणजे तयार साच्याचे भाग, मिळतात आणि फोनवर माणूस दुसऱ्या मॉड्यूलपुढे जातो की नाही देव जाणे, त्यामुळे वर कोण बसणार हे ठरवावंच लागतं.

आमचा घरगुती मसाल्यांचा ब्रँड, अमेझॉनवर पाच गोष्टी चालतात: गोडा, कांदा-लसूण, मालवणी, गरम मसाला आणि मेतकूट. मी दोन्ही प्रकार करून पाहिलेत, आधी गोष्ट वर होती, आता तक्ता वर आहे. तुमचा माल वेगळा असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, त्यामुळे माझं म्हणणं जरा बेतानंच घ्या.

गोष्टीचं आधी सांगतो कारण तिचा मोह सगळ्यांनाच होतो. आम्ही झकास करून घेतलेली, खलबत्ता, आजीचा हात, चूल, मागे कौलारू घर. पाहायला सुंदर. पण आजी सगळ्यांचीच असते हो, दहा मसालेवाल्यांची पानं उघडा, नऊ ठिकाणी तीच आजी बसलेली दिसेल. शिवाय डिझायनरनं सगळा मजकूर फोटोतच छापला होता, कॉम्प्युटरवर छान वाचता यायचं, फोनवर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. ती आमचीच चूक, मजकूर मॉड्यूलच्या मजकुराच्या रकान्यातच टाकायला हवा, फोटोत नाही.

पण ज्या गोष्टीनं माझा जीव खाल्ला ती वेगळीच. 'गोडा' हा शब्द. महाराष्ट्राबाहेरचा माणूस नाव वाचतो आणि त्याला वाटतं हा गोड मसाला असणार, किंवा फोटोत तपकिरी काळपट रंग बघून वाटतं हा झणझणीत असणार, दोन्ही चूक. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल असा तो मसाला, आमटी आणि भरल्या वांग्याचा, तिखटाचा नाहीच. एकानं लिहिलं 'तिखटच नाही, पैसे फुकट', दुसऱ्यानं लिहिलं 'गोड का नाही', आणि तिसरीला कांदा-लसूण मसाला मागवून डबा घरी आल्यावर कळलं की यात लसूण आहे, तिच्या घरी लसूण चालत नाही. आता नाव वाचून हे कळायला हवं होतं असं आपण म्हणू शकतो, पण ती बिचारी घाईत होती. आमचा डबा परत घेतला जात नाही, मग राग जातो कुठे, तर एका स्टारमध्ये. आणि प्रश्नोत्तरांत रोज तोच प्रश्न, गोडा आणि कांदा-लसूण यात फरक काय? आजीची गोष्ट वाचून या एकाही माणसाला उत्तर मिळत नव्हतं.

म्हणून तक्ता वर आणला. मॉड्यूलमध्ये सहा माल आणि दहा ओळी भरता येतात, म्हणजे भरायलाच हव्यात असं नाही! पहिल्या खेपेला मी 'नैसर्गिक', 'ताजा', 'घरगुती' अशा ओळी टाकल्या आणि सगळ्यांसमोर बरोबरची खूण. नंतर बायकोनं बघून विचारलं, यात तुलना काय केलीस? खरंच होतं. ज्या ओळीत सगळे रकाने सारखे, ती ओळ काढायची. शेवटी चारच राहिल्या: तिखटपणा, कांदा-लसूण आहे का, कशात घालायचा, चार माणसांच्या भाजीला किती. गोड्यासमोर 'सौम्य, नाही, आमटी आणि भरली वांगी, दीड चमचा', कांदा-लसणासमोर 'झणझणीत, हो, रस्सा आणि मिसळ, एक चमचा'. बस, एवढंच. रकान्यांचा क्रमही महत्त्वाचा, फोनवर बाजूला सरकवल्याशिवाय सगळे रकाने दिसत नाहीत, त्यामुळे ज्या दोघांत लोक घोटाळा करतात ते दोघं शेजारी-शेजारी आणि सगळ्यात आधी ठेवले, गरम मसाला शेवटी गेला, त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही.

मोजमाप काही नाही माझ्याकडे, अमेझॉनवर दोन पानांची टक्कर लावून बघायची सोय आहे पण त्याला गर्दी लागते आणि आमच्याकडे तेवढी नाही. एवढंच सांगतो की 'तिखट नाही' वाली तक्रार मला हल्ली क्वचित वाचायला मिळते आणि फरक काय हा प्रश्न जवळपास बंद झाला.

तक्त्याचा त्रास नाही असं नाही. तो पाचही पानांवर आहे, आणि प्रत्येक पानाची खालची गोष्ट वेगळी असल्यानं पाच वेगळे कंटेंट बनवलेत, म्हणजे तक्त्यात एक शब्द बदलला तरी पाच ठिकाणी बदला आणि पाच वेळा मंजुरीला टाका, मंजुरीला सात कामाचे दिवससुद्धा लागू शकतात. म्हणून जे बदलतं ते तक्त्यात नकोच, वजन नको, पॅकिंग नको. किंमत तर चालतच नाही. दुसऱ्या कंपनीच्या मसाल्याशी तुलनाही चालत नाही, आणि गंमत म्हणजे बेस्ट सेलरच्या पानावर 'बेस्ट सेलर' असं लिहिताही येत नाही. आम्ही 'नंबर एक' लिहून एकदा नकार खाल्ला, नियमात स्पष्ट होतं, वाचलं नव्हतं.

गोष्ट मी काढून टाकली नाही, बारीक केली. प्रत्येक मालाला तीन-चार वाक्यं आणि त्यात एकच खरी गोष्ट. गोड्याखाली असं आहे: 'दगडफूल आम्ही शेवटी भाजतो. आधी टाकलं तर जळून कडू होतं. एक घाणा असाच फेकून द्यावा लागला, तेव्हापासून आई कढईजवळ कोणाला येऊ देत नाही.' आजी नाही, चूल नाही, पण ज्यानं मसाला भाजलाय त्याला पटतं. कंपनी कधी सुरू झाली वगैरे मोठी कथा ब्रँड स्टोरीत गेली, तिची जागा वेगळी असते आणि ती पाच मॉड्यूलमध्ये मोजली जात नाही.

एकच अपवाद, मेतकूट. त्याच्या पानावर आजही गोष्टच वर आहे. मेतकूट आणि मालवणी मसाल्यात कोणी गोंधळत नाही, तिथे गिऱ्हाइकाचा प्रश्न 'हे खातात कसं' असा असतो. त्याला गुरगुट्या भात, वर तूप, वर मेतकूट असा फोटो आणि दोन ओळी पुरतात, तक्ता तिथे खाली नुसता 'आमचं आणखी काय आहे' दाखवायला. तेव्हा तुमचा एकच माल चालत असेल किंवा तो माल लोकांना ठाऊकच नसेल तर गोष्टीनं सुरुवात करा, मी अडवणार नाही. पण चार भावंडं सारख्या डब्यात शेजारी उभी असतील तर मी तरी तक्त्याकडेच झुकेन.

आणि कंटेंट लावताना शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम, पाचशे ग्रॅम, प्रत्येक पॅकचा एएसआयएन, म्हणजे अमेझॉननं त्याला दिलेला नंबर, टाकलाय ना बघा. आमच्या पाचशेच्या डब्याचं पान दोन महिने कंटेंटशिवाय नुसतं बसलं होतं आणि गोड्यात सगळ्यात जास्त खपतो तोच.