ज्वलनशील द्रवांचं कपाट, आठेक महिन्यांनंतर : बाकी ठीक, पण तळाचा ट्रे मोजून घ्या

१७० लिटरचं, दुहेरी पत्र्याचं पिवळं कपाट आमच्या पॉलिशच्या कामाच्या जागी आठेक महिने उभं आहे. दारं नीट बसतात, कडी तिन्ही ठिकाणी लागते, रंग उडालेला नाही. त्यावर आणखी लिहीत नाही. लिहायचंय ते तळाच्या ट्रेबद्दल.

मध्यंतरी वरच्या फळीवरचा थिनरचा २० लिटरचा डबा शिवणीतून रात्रभर झिरपला. सकाळी दार उघडलं तर ट्रेमध्ये जवळजवळ चार सेंटिमीटर थिनर. ट्रेची उंचीच पाच! मला वाटलं, अर्ध्याहून जास्त डबा रिकामा झाला. प्रत्यक्षात गळालं होतं सहा लिटर.

मग मोजमापाला बसलो. ट्रे आतून १०० बाय ३७ सेंटिमीटर, खोली ५, म्हणजे साडेअठरा लिटर. पण खालचे चार डबे आम्ही थेट ट्रेमध्येच उभे केले होते, जसे बहुतेक सगळेच करतात. एका डब्याचा तळ २३ बाय २३. पाच सेंटिमीटर खोलीत असा एक डबा अडीच लिटरहून जास्त जागा खातो, आणि चार मिळून साडेदहा. उरले आठ लिटर. त्यातले सहा भरले होते. डबा पूर्ण रिकामा झाला असता तर बारा लिटर थिनर उंबरठा ओलांडून फरशीवर आलं असतं. शिवाय खालचे डबे रात्रभर थिनरमध्ये उभे होते. त्यांची लेबलं सुटली आणि कोणत्या डब्यात काय हे वासावर ओळखायची वेळ आली. हे अजिबात करण्यासारखं काम नाही.

विक्रेत्याशी यावरून चांगलंच वाजलं. त्याचं एकच पालुपद : "ट्रे नियमाप्रमाणे आहे." मला ते उडवाउडवीचं वाटलं. नंतर वाचल्यावर कळलं की कागदावर त्याचं बरोबर आहे. लेबलवर ज्या अमेरिकन नियमाचा उल्लेख आहे, त्यात दाराचा उंबरठा तळापासून किमान २ इंच उंच हवा, एवढंच बघतात. युरोपचा EN 14470-1 लिटरमध्ये बोलतो : सर्वांत मोठ्या डब्याच्या ११० टक्के किंवा एकूण साठ्याच्या १० टक्के, यांतलं जे जास्त असेल ते ट्रेमध्ये मावलं पाहिजे. माझ्या कपाटाला १० टक्क्यांचे १७ लिटर जमतात, पण २० लिटरच्या डब्यासाठी लागणारे २२ जमत नाहीत. तेव्हा कपाटाला दोष देणं मी सोडलं. दोष २० लिटरचा डबा त्यात ठेवण्याचा आहे.

आता सगळा माल १० लिटरच्या डब्यांत येतो. लिटरमागे महाग पडतो आणि दर खेपेला ते खुपतं. पण ११ लिटर ट्रेमध्ये आरामात मावतात. खालचे डबे सहा सेंटिमीटर पायांच्या जाळीदार लोखंडी घोडीवर ठेवले आहेत, त्यामुळे ट्रे मोकळा राहतो. कपाटाचे पाय पाणसळ लावून समतल केले, कारण मीटरभर लांबीत एक सेंटिमीटर उतार असला तरी ट्रेची जवळजवळ दोन लिटर क्षमता जाते.

गळतीनंतर वास जाईना, तेव्हा आमच्यातल्या एकानं बाजूची दोन्ही बुचं काढायचं सुचवलं. मी हात लावू दिला नाही. बाहेर नेणारी धातूची नळी जोडायची असेल तरच ती बुचं काढायची, एरवी घट्ट बंद. नळी जोडलीच तर ओढ खालच्या भोकातून हवी, कारण या वाफा हवेपेक्षा जड असतात. नुसतं बूच काढलं की वाफ खोलीत येते आणि आगीच्या वेळी ज्वाळेला आत जायला वाट मिळते. एक लिटर अ‍ॅसिटोन पूर्ण उडालं तर सव्वातीनशे लिटर वाफ होते. हवेत अडीच टक्के वाफ झाली की ती पेट घेऊ शकते. म्हणजे एक लिटर सुमारे १३ घनमीटर हवेला पुरतं, आणि आमची साठ्याची खोली जेमतेम १४ घनमीटरची आहे. फरशीलगत तर ती पातळी कितीतरी आधी गाठली जाते. म्हणून पंखा छताजवळून काढून ओढ फरशीपासून ३० सेंटिमीटरच्या आत आणली. तासाला सहा वेळा हवा बदलायची, म्हणजे ताशी ८५ घनमीटरच्या आसपास. मोटर स्फोटरोधक घेतली. वास शेवटी दोन सैल झाकणांचा निघाला.

साठ्याबद्दल एवढंच : लेबलवरचे १७० लिटर ही कपाटाची क्षमता आहे. तेवढं भरायलाच हवं असं नाही. ब्रिटिश मार्गदर्शनात ज्यांचा फ्लॅश पॉइंट खोलीच्या तापमानाखाली आहे असे द्रव कामाच्या खोलीत ५० लिटरपर्यंतच ठेवायला सांगितलंय. अ‍ॅसिटोन आणि टोल्युइन दोन्ही त्यातच येतात. आम्ही आता तेवढंच ठेवतो, बाकी साठ्याच्या खोलीत.

एक तक्रार मात्र कायम आहे. ट्रेला निचऱ्याचा नळ नाही, तो बाहेरही निघत नाही. ते सहा लिटर हातपंपानं आणि शोषक पॅडनं काढावे लागले, घोडी तेव्हा नव्हती म्हणून आधी चारही ओले डबे बाहेर काढून. नवीन घेणाऱ्यांनी ट्रे सुटा निघतो का ते विचारावं, आणि त्याची क्षमता इंचांत नव्हे, लिटरमध्ये लिहून घ्यावी.