राउंड ऑफ २७ रुपये? तिथंच थांबा!

माल खोटा नव्हता, बिल खोटं होतं. आमचं परभणी जिल्ह्यात किराणा दुकान आहे. २०२५ च्या दसऱ्याला केशतेल आणि डिटर्जंट पावडर भरली. ठोकवाल्यानं व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो टाकला. "मालक, ओरिजिनल गाडीसोबत येतंय." ते आजवर आलेलं नाही. फोटो पाहून पूर्ण ५०,००० रुपये पाठवले.

आता तोच फोटो मोठा करून बघतो तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. तेल २४,००० आणि पावडर १८,३५०, म्हणजे ४२,३५०. त्यावर सीजीएसटी ९ टक्के ३,८११.५० आणि एसजीएसटी तेवढाच. बेरीज ४९,९७३. खाली 'राउंड ऑफ २७.००'! अहो, राउंड ऑफ पैशांचा असतो, फार तर ५० पैसे इकडं-तिकडं. २७ रुपयांचा राउंड ऑफ म्हणजे आकडा आधी ठरवून बिल मागून जुळवलेलं. पण गाडी दारात, हमाल खोळंबलेले, त्यात अतिवृष्टीनं आधीच धंदा बसलेला. अशा वेळी कोण पैसे-आणे तपासत बसतो?

दुसरी लबाडी एचएसएन कोडात. दोन्ही ओळींत 3402. तो पावडरचा, १८ टक्क्यांचा. केशतेलाचा 3305, आणि त्यावरचा कर २२ सप्टेंबरपासून ५ टक्के झालेला. तेलाचे १,२०० व्हायला हवे होते, यानं ४,३२० लावले. सरकारला भरायचाच नव्हता, मग कमी कशाला लावील?

कारण त्याची जीएसटी नोंदणी आधीच रद्द होती. हे कळलं पुढच्या महिन्याच्या १४ तारखेनंतर. विकणाऱ्यांनी भरलेली आपल्या नावची बिलं जिथं दिसतात, त्या GSTR-2B मध्ये हे बिलच नाही, म्हणून आमच्या टॅक्स सल्लागारांनी त्याचा जीएसटी नंबर टाकून पाहिला तर समोर 'Cancelled'. gst.gov.in वर 'Search Taxpayer' मध्ये लॉगिनशिवाय दिसतं हे. पैसे सोडायच्या आधी बघा, नंतर नाही. ७,६२३ चं क्रेडिट बुडालं, वर ते २७. एकूण ७,६५० रुपये.

कर कार्यालयात गेलो तर म्हणे, "फसवणूक आहे, पोलिसांत जा." पोलीस म्हणे, "माल मिळाला ना? मग हा तुमचा आपसातला व्यवहार." परत कार्यालयात, तर साहेब मीटिंगमध्ये. शेवटी अर्ज घेतला, पोच मात्र भांडून घ्यावी लागली. आम्हाला रिटर्नला एक दिवस उशीर झाला की दंड, आणि रद्द नंबरावर कर गोळा करणारा मोकळा! वर मलाच विचारतात, "तुम्ही नंबर तपासला नाही का?" तुमच्याच यादीतनं काढलेला माणूस बाजारात बिलं फाडतोय, ते कोणी तपासायचं?

नुसत्या फोटोवर पैसे देऊ नका. द्यायचेच तर कराची रक्कम 2B मध्ये बिल दिसेपर्यंत मागं ठेवा. कुरकुर करील, करू द्या.

परवा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एका 'नव्या' फर्मचं बिल आलं. नाव वेगळं, मोबाईल वेगळा. जीएसटी नंबरात 27 च्या पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जुन्या फोटोशी लावून पाहिली, दहाच्या दहा तीच. तिथंही राउंड ऑफ १८ रुपये आहे.