सोन्याचं पाणी, चांदी आणि ऑक्सिडाइज्ड: सात महिने रोज वापरल्यावर

नवे ऑक्सिडाइज्ड झुमके घातले आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही कानांच्या पाळ्या लाल झाल्या. रात्री उशीला कान टेकवेना. भोकं पिकली असतील असं समजून मी मलम लावत राहिले, आणि झुमकेही घालत राहिले. पाचव्या दिवशी लस यायला लागली तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

त्यांनी कान पाहिले आणि भलताच प्रश्न विचारला, "जीन्सचं बटण पोटाला लागतं तिथे कधी खाज येते का?" येते. कित्येक वर्षं येते. घामामुळे होत असेल म्हणून मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मग पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी झाली. पट्ट्या दोन दिवस ठेवायच्या, काढल्यावर एकदा पाहायचं आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. निकेलच्या चौकोनाखाली खरबरीत लाल चट्टा उठला होता. डॉक्टरांनी सांगितलं की निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. धातूचा स्पर्श झाल्यावर पुरळ लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठतं. म्हणून आपण दोष कालच्या साबणाला देतो आणि परवाच्या कानातल्यांना सोडून देतो.

झुमके घेताना दुकानात विचारलं होतं, "चांदी आहे ना?" उत्तर आलं होतं, "हो, जर्मन सिल्व्हर." मी त्यातला फक्त दुसरा शब्द ऐकला. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे, आणि त्याला चांदीसारखा पांढरेपणा येतो तो निकेलमुळेच. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. बरं, घरातलं लोहचुंबक इथे कामाला येत नाही. निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं, पण या मिश्रणात तांबं एवढं असतं की दागिना चिकटत नाही. 'चुंबक लागलं नाही, म्हणजे निकेल नाही' हा निष्कर्ष चुकीचा आहे.

मग मी निकेल तपासायचा संच मागवला आणि हातातल्या पाच दागिन्यांवर सात महिने नजर ठेवली. संचात दोन छोट्या बाटल्या येतात. एकीत डायमिथाइलग्लायऑक्झिम नावाचं रसायन असतं, दुसरीत अमोनिया. कापसाच्या काडीवर दोन्हींचा एकेक थेंब घ्यायचा आणि दागिन्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट घासायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. गुलाबीच, दुसरा कुठला मळकट रंग आला तर तो निकेलचा नव्हे. तपासणी झाली की दागिना धुऊन कोरडा करायचा.

पहिला बळी अर्थातच ते झुमके. पुढच्या काळ्या नक्षीवर काडी घासली, काही नाही. कानात जाणाऱ्या आकड्यावर घासली आणि कापूस लगेच गडद गुलाबी झाला. नक्षीवर पारदर्शक लाखेचा थर होता, तो निकेल अडवत होता. आकड्यावरचा थर रोजच्या घालण्या-काढण्यात कधीच निघून गेला होता. तेव्हापासून कानातलं कुठलंही असो, मी दर्शनी भागाकडे नंतर बघते, आधी दांडी, आकडा आणि फिरकी तपासते. भोकाच्या आतली त्वचा सर्वांत नाजूक, आणि तिथेच धातू दिवसभर घामात भिजत असतो.

मला खरा धडा मिळाला तो दुसऱ्या दागिन्यात. ती पितळेवर सोन्याचं पाणी दिलेली साखळी होती. आणल्या दिवशी कडी, मागची बाजू, सगळीकडे काडी घासली आणि कापूस पांढराच राहिला. मी निर्धास्त झाले. रोज घातली, आंघोळीला तेवढी काढायचे. तिसऱ्या महिन्यात मानेच्या मागे, जिथे कडी केसांना आणि कॉलरला घासते, तिथे सोनेरी रंग फिकट होऊन खालून राखाडी-पांढरी झाक दिसू लागली. चौथ्या महिन्यात नेमक्या तिथे, नखाएवढा, खाजरा लाल ठिपका उठला. काडी पुन्हा घासली. गुलाबी.

झालं होतं असं. पितळेवर थेट सोनं चढवलं तर आतलं तांबं हळूहळू सोन्यात शिरतं आणि रंग मळतो. ते अडवायला बऱ्याच ठिकाणी मधे निकेलचा थर देतात. तो स्वस्त असतो, चकाकीही छान येते. वरचं सोनं शाबूत आहे तोवर त्वचेला निकेल भेटत नाही. पण स्वस्त दागिन्यांवर सोन्याचा थर अनेकदा एका मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढाच असतो, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. घासणाऱ्या जागी तो काही महिन्यांतच संपतो. थोडक्यात, या साखळीचा रंग जाणं आणि पुरळ येणं ही एकाच झिजेची दोन टोकं होती. त्यामुळे पाणी दिलेला दागिना नवा असताना पास झाला म्हणून काम संपत नाही. मी आता दर दोन महिन्यांनी घासणाऱ्या जागा पुन्हा तपासते. युरोपातल्या नियमातही हा विचार आहे: मुलामा दिलेल्या वस्तूतून सुटणारं निकेल नेहमीच्या वापरात निदान दोन वर्षं ठरलेल्या मर्यादेत राहिलं पाहिजे, असं तो नियम म्हणतो.

इथे एक गल्लत फार होते, म्हणून सांगते. बोटावर किंवा मानेवर हिरवट डाग पडला तर ती ॲलर्जी नव्हे. तो तांब्याचा क्षार, साबणाने धुतला की जातो आणि खाजत नाही. निकेलचं पुरळ धुऊन जात नाही, खाजतं, आणि बऱ्याचदा दागिन्याचाच आकार घेऊन उठतं. माझ्या बहिणीने हिरव्या डागाला घाबरून एक साधी पितळी अंगठी टाकून दिली आणि निकेलच्या थराची चकचकीत अंगठी ठेवून घेतली. उलट करायला हवं होतं.

त्या साखळीच्या जागी मी चांदीवर सोन्याचा जाड मुलामा असलेली साखळी घेतली, थर अडीच मायक्रॉन. घेताना दोनच गोष्टी विचारल्या: आतला धातू कोणता, आणि मधे निकेलचा थर आहे का. पहिल्या दुकानात "मायक्रॉन वगैरे काही नसतं हो" असं ऐकून परत आले. दुसरीकडे दोन्ही गोष्टी बिलावर लिहून मिळाल्या. तीन महिने झाले आहेत. कडीपाशी किंचित मऊ झालेली चमक सोडली तर रंग तसाच आहे, कापूस पांढरा आहे, मान स्वच्छ आहे. सुगंधी फवारा आणि क्रीम आधी, ते पूर्ण सुकल्यावर साखळी, एवढं पथ्य मात्र पाळते.

चांदीबद्दल माझी तक्रार फारशी नाही. ९२५ चा शिक्का म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. उरलेले ७५ भाग बहुधा तांबं असतं. माझ्या ९२५ च्या बाळ्या सात महिने कानात आहेत आणि एकदाही खाज आली नाही. काळ्या मात्र पडतात, आणि पडणारच. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी चांदीची प्रक्रिया होऊन वर काळा थर बसतो. 'कधीच काळी न पडणारी चांदी' म्हणून विकतात तिच्यावर बहुतेक वेळा रोडियमचा थर असतो. तो छान टिकतो, पण मधे निकेल आहे का हे तिथेही विचारावं लागतं. मी आधी बाळ्या रबरबँड गुंडाळून पुठ्ठ्याच्या डबीत ठेवायचे आणि त्या पंधरा दिवसांत पिवळट व्हायच्या. रबरात गंधक असतं, पुठ्ठ्यातूनही ते सुटू शकतं. आता हवा काढून बंद केलेल्या प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत ठेवते आणि मऊ कापडाने दोन महिन्यांतून एकदा पुसते. रोज घातलेल्या बाळ्या पेटीतल्यांपेक्षा उजळ राहतात, कारण अंगावरच त्या पुसल्या जातात.

पाचवी वस्तू माझ्या हातूनच बिघडली, आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. खऱ्या चांदीची ऑक्सिडाइज्ड अंगठी होती, वेलबुट्टीच्या खाचांत सुंदर काळी छटा. बाळ्या स्वच्छ करायला भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घातला होता. या पाण्यात काळ्या थरातलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी उजळ होते. बाळ्यांबरोबर अंगठीही टाकली. दोन मिनिटांनी काढली तर सगळी नक्षी सपाट, पांढरीफटक. तेव्हा समजलं की नाव 'ऑक्सिडाइज्ड' असलं तरी चांदीवरचा तो काळा रंग गंधकाच्या द्रावणात बुडवून मुद्दाम आणलेला, म्हणजे आपण एरवी घासून काढतो तोच थर आहे. अंगठी परत कारागिराकडे द्यावी लागली. त्याने ती काळी करून उठावाचे भाग पुन्हा घासून दिले, पण पहिल्या हाताची नजाकत आली नाही. ऑक्सिडाइज्ड चांदी फक्त कोरड्या मऊ कापडाने, तीही उठावावरच, हलक्या हाताने पुसावी.

झुमक्यांवर मी एक प्रयोगही केला. आकड्यांना पारदर्शक नेलपॉलिशचे दोन थर दिले. चार वेळा घातल्यावर टोकाचं पॉलिश उडालं आणि काडी पुन्हा गुलाबी झाली. एका संध्याकाळपुरतं हे ठीक, पण ॲलर्जी आहे त्यांनी त्यावर विसंबू नये. शेवटी कारागिराकडून जुने आकडे कापून टायटॅनियमचे बसवून घेतले. खालची नक्षी तीच जर्मन सिल्व्हरची आहे, त्यामुळे लोंबणारा भाग मानेला टेकत नाही ना, हे आरशात बघूनच घालते. गेल्या महिन्यात असे पाच-सहा वेळा घातले, प्रत्येक वेळी चार-पाच तास. पाळ्या कोरड्या आहेत.