साबण की सॅनिटायझर: भडंग करणाऱ्या हातांसाठी

सांगलीत घरगुती भडंग करून विकणाऱ्या एका ताईंनी विचारले की, पाकिटे भरण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत की सॅनिटायझर पुरेल.

तेलकटपणाच्या बाबतीत दोहोंची बरोबरीच होत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलात शिरते आणि दुसरे पाण्याला धरून राहते. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब सुटतात आणि त्यांत अडकलेल्या जंतूंसह पाण्याबरोबर वाहून जातात. सॅनिटायझर लावल्यावर मात्र तेल-तिखटाचा थर हातावरच राहतो आणि त्याखाली अल्कोहोल नीट पोहोचत नाही.

जंतूंचे म्हणाल, तर कोरोनासारख्या विषाणूचे स्निग्ध आवरण दोन्हींमुळे फुटते. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसला असे आवरण नसते, त्यामुळे तो चोळून, सोडवून, धुवूनच काढावा लागतो.

वेळ सॅनिटायझरलाही लागतो, कारण तो सुकेपर्यंत चोळावा लागतो. साबणाचे 20 सेकंद मात्र मला कळीचे वाटतात: तेवढ्यात साबण थरात शिरतो आणि नखांच्या कडा, अंगठ्याचे मूळ, बोटांच्या बेचक्या घासल्या जातात. धुतल्यावरही बोटे निसरडी लागली, तर पुन्हा धुवावे. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा काही भाग क्षारांशी जुळून वाया जातो, म्हणून तिथे तो जास्त लागतो. खर्चात साबणच स्वस्त.

भडंगाच्या कामाला साबण आणि वाहते पाणीच हवे; बाजारात, पाणी नसताना आणि हात तेलकट नसताना, किमान 60 टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर चालेल.