आजीचे दात परत आले: जुन्या व्हीएचएस कॅसेट आणि एआय अपस्केलिंग, सात महिन्यांनंतर

चिपळूणच्या घराच्या फडताळात एकोणीस व्हीएचएस कॅसेट होत्या. ताईचं 1992 सालचं लग्न, दोन बारशी, एक मुंज, बाकी गणपती. त्यातली लग्नाची कॅसेट मी चार वर्षांपूर्वी एका दुकानात देऊन एमपीफोर करून आणली होती. जानेवारीत अपस्केलिंगसाठी, म्हणजे लहान, पुसट चित्र मोठं आणि रेखीव करायला, एआय व्हिडिओ सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि मोठ्या उत्साहाने तीच फाइल त्याला खाऊ घातली. रात्रभर लॅपटॉप घुमला. सकाळी ताईच्या हाताला दहा बोटं दिसत होती, म्हणजे एकाच हाताला.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. आपल्याकडची व्हीएचएस पाल या टीव्ही-पद्धतीची. तिच्यात सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रं नसतात, पन्नास अर्धी चित्रं असतात: एकात एकाआड एक अशा विषम ओळी, पुढच्यात सम ओळी. जुना टीव्ही त्या तशाच आलटून पालटून दाखवायचा. दुकानदाराने दोन अर्धी एकमेकांत मिसळून सेकंदाला पंचवीस चित्रं केली होती. हात हलला की दोन हात, एकावर एक, पुसट. ते एकदा फाइलमध्ये मुरलं की सुटं करता येत नाही. एआयने ती पुसट बोटं खरी मानली आणि रेखीव करून दिली.

त्यामुळे पहिला महिना मी सॉफ्टवेअरकडे बघितलंच नाही. कॅसेटकडे परत गेले.

आता नवा व्हीसीआर मिळत नाही. फुनाई ही शेवटची बनवणारी जपानी कंपनी, तिनेही 2016 मध्ये बंद केला. माझ्या मावसभावाने जर्मनीहून जुना एस-व्हीएचएस डेक, म्हणजे वरच्या दर्जाचा व्हीसीआर, आणला. तिथेही पालच, म्हणून चालला. त्याला एस-व्हिडिओची गोल पिन आहे. व्हीएचएसच्या फितीवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या पिनेच्या वायरीतून ते एकत्र होऊन येतात आणि पुढे पुन्हा वेगळे करताना साडीच्या काठावर रंगीत मुंग्या चालतात. एस-व्हिडिओने त्या मुंग्या गेल्या. एवढी एक वायर बदलून जो फरक पडला तो नंतर कुठल्याही स्लायडरने पडला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे थरथर. मांडवाचा सरळ खांब बघायचा. तो पाण्यातल्या सावलीसारखा हलत असेल, किंवा चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकत असेल, तर प्रत्येक ओळ ठरल्या वेळेपेक्षा किंचित मागेपुढे येते आहे. फीत ताणली गेलेली असते, यंत्रही म्हातारं असतं. यावर खरा इलाज म्हणजे ओळींची वेळ सुधारणारा टाइम बेस करेक्टर, पण तो महाग आणि दुर्मीळ. मी गरिबाचा उपाय केला: पॅनासोनिकचा DMR-ES10 हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि लॅपटॉपमध्ये चित्र उतरवून घेणारी कॅप्चरची डबी यांच्या मधे जोडला. त्यात काही रेकॉर्ड करायचं नाही, फक्त सिग्नल त्याच्यातून जाऊ द्यायचा. तो ओळी पुन्हा रांगेत लावून पुढे पाठवतो. खांब सरळ झाला.

बुरशीचं सांगायलाच हवं, कोकणातल्या प्रत्येक घरात ती असणार. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी पूड किंवा कोळिष्टक दिसलं तर ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालायची नाही. फीत वाचणारे हेड माखतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. माझ्या सहा कॅसेट अशा होत्या. त्यांच्यासाठी भंगारातून एक व्हीसीआर घेतला, झाकण काढलं, आणि गच्चीवर मास्क लावून फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवली, वाटेत सुती धागे न सोडणारं कापड हलकं टेकवून. कापड दर काही मिनिटांनी बदलायचं. निघालेली घाण बघून जेवण जात नाही. हेड पुसायला साधा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हेड बसवलेल्या ड्रमवर स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने आडवा फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेडचं टोक तुटतं. (आमच्या गल्लीतला व्हिडिओवाला हे काम कोऱ्या करकरीत नोटेने करायचा. त्याचं तंत्र बरोबर होतं, हे आता कळलं.)

कॅप्चर करताना मी तपशील गमावणारं कॉम्प्रेशन टाळलं. FFV1 या काहीही न गमावणाऱ्या पद्धतीत तासाला साधारण तीस जीबी लागतात. सोळा कॅसेटचे एक्केचाळीस तास झाले, म्हणजे सव्वा टेराबाइट. दोन टीबीची हार्ड डिस्क घेतली आणि विषय मिटवला. आणखी एक खबरदारी घेतली. लग्नात लाइटवाला हॅलोजन घेऊन अगदी तोंडावर उभा असायचा, त्यामुळे ताईची पिवळी अष्टपुत्री कॅप्चरमध्ये सपाट पांढरी येत होती. कॅप्चर करण्याआधीच कॉन्ट्रास्ट कमी केला तर साडीच्या चुण्या आल्या. फाइल झाल्यावर उजेड कमी केला असता तर तो नुसता राखाडी पट्टा झाला असता.

मग पन्नास अर्ध्या चित्रांतून पन्नास पूर्ण चित्रं करायची. एआयकडे जाण्याआधीच. मी त्यासाठी QTGMC हा फिल्टर वापरते, तो हळू चालतो पण सर्वांत स्वच्छ. घाई असेल तर ffmpeg ची ही आज्ञा पुरते:

```
ffmpeg -i lagna.mkv -vf "bwdif=mode=send_field:parity=tff:deint=all" -c:v ffv1 -c:a copy lagna50.mkv
```

यातलं `tff` म्हणजे आधी वरची ओळ. उलटं निवडलं तर चालणारा माणूस दोन पावलं पुढे आणि एक मागे असा थरथरत जातो. दहा सेकंदांच्या तुकड्यावर लगेच कळतं. चित्राच्या तळाशी जी फाटलेली पट्टी नाचत असते ती एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे वाचन जाण्याची जागा आहे. जुना टीव्ही ती चौकटीमागे लपवायचा. तेवढ्या आठ-दहा ओळी मी काळ्या केल्या.

इथपर्यंत एआय आलेलंच नाही, आणि घरच्यांच्या मते निम्म्याहून जास्त सुधारणा इथेच झाली होती.

यानंतर सफाई, आणि इथे मी एक मोठा घोटाळा केला. फितीवरचा लेप जिथे उडालेला असतो तिथे चित्रात पांढरी ठिणगी किंवा छोटी रेघ चमकते. ती काढणारे फिल्टर मागचं आणि पुढचं चित्र बघतात. जो ठिपका फक्त एकाच चित्रात आहे, मागेपुढे नाही, तो कचरा समजून बुजवतात. फिल्टर लावला, चित्र आरशासारखं झालं. मंगलाष्टकांच्या प्रसंगाला पोचले. "शुभमंगल सावधान" झालं, सगळ्यांचे हात वर गेले आणि कोणाच्या हातातून काहीच पडलं नाही. अक्षता गायब! उडणारा तांदळाचा दाणा प्रत्येक चित्रात नव्या जागी असतो, फिल्टरच्या दृष्टीने तो आणि फितीवरचा डाग एकच. ताई-भावोजी रिकाम्या हवेत डोकं झुकवून उभे. आता मी ते साडेतीन मिनिटं फिल्टरविना ठेवते, डाग असले तरी. गणपतीच्या कॅसेटमध्ये गुलालाचं आणि फुलबाजीचंही तेच झालं.

आता अपस्केलिंग. मी टोपाझ व्हिडिओ एआय सात महिने वापरते आहे. फुकटातलं रिअल-ईएसआरगॅनही करून बघितलं, पण ते प्रत्येक चित्र सुटं बघतं, त्यामुळे भिंतीचा पोत दर क्षणी बदलतो, भिंत उकळल्यासारखी दिसते. टोपाझमध्ये चेहऱ्यांसाठी आयरिस नावाचं मॉडेल आहे आणि हाताने आवरता येणारं प्रोटिअस.

आयरिसने पहिल्यांदा थक्कच केलं. ताईचा जवळचा चेहरा, मुंडावळ्यांचे मोती सुटे सुटे दिसले. मग कॅमेरा आजीकडे गेला. आजी हसली आणि तोंडभर पांढरेशुभ्र दात. मी खूश होऊन आईला बोलावलं. तिने दोनदा मागे घेऊन बघितलं.

"अगं, सासूबाईंचे पुढचे दोन दात तोवर पडले होते ना!"

मूळ चित्र बघितलं. तिथे खरंच काळी फट होती, चार-पाच पिक्सेल रुंद. मॉडेलला हसरं तोंड म्हणजे काय ते माहीत आहे, आजी माहीत नाही. त्याने फट भरून टाकली. मागच्या पंगतीतल्या पाहुण्यांचं तर विचारूच नका. पंधरा पिक्सेलच्या चेहऱ्याला त्याने डोळे-नाक दिलं, आणि आई एकेकाला बघून विचारत राहिली, "ही कोण?" ती आमची आत्या होती. थर्माकोलच्या "शुभविवाह" या अक्षरांची शिरोरेषा ठळक राहिली आणि तिच्या खाली कुठल्याही लिपीत नसलेली अक्षरं लोंबू लागली.

व्हीएचएसच्या ओळीत, चित्राच्या उंचीइतक्या अंतरात, जेमतेम दोनशे चाळीस रेघा वेगळ्या दिसतील इतकाच तपशील असतो. फोर-के केलं तर उरलेलं सगळं सॉफ्टवेअरचं लेखन. म्हणून मी आता 1440 बाय 1080 वर थांबते, चार बाय तीन ठेवून. टीव्ही भरावा म्हणून आडवं ताणलं की सगळे पाहुणे जाडे होतात. मॉडेल प्रोटिअस, Sharpen शून्य, Reduce noise कमी, Recover original detail वर, आणि शेवटी चित्रावरचे थोडे बारीक दाणे परत घालते. दाणे नसले की त्वचा मेणाची दिसते. परीक्षा एकच: आजीचं तोंड. फट दिसली तर सेटिंग ठीक.

वेळेचा हिशेब आधीच करा. माझ्या आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्डवर सेकंदाला बारा चित्रं होतात. एका तासाच्या व्हिडिओत एक लाख ऐंशी हजार. म्हणजे चार तासांहून थोडं जास्त, पंखा पूर्ण वेगाने. एप्रिल-मेमध्ये मी रात्रीच चालवायचे, तरी लॅपटॉप दोनदा तापून बंद पडला. सगळे एक्केचाळीस तास मी अपस्केल केलेलेच नाहीत. लग्न, मुंज आणि आजोबा बोलतात ते दोन गणपती, एवढेच. बाकीचे नुसते पन्नास चित्रांचे करून ठेवले आणि कोणी फरक विचारला नाही.

पुन्हा सुरुवात केली तर पैसे डेक आणि वायरीवर घालेन. सॉफ्टवेअर महिनाभर फुकट चाचणीवर काढता आलं असतं का, ते आधी बघेन. FFV1 च्या मूळ फाइलींच्या दोन प्रती आहेत, एक माझ्याकडे, एक ताईकडे ठाण्याला. अपस्केल केलेल्या फाइलच्या नावात मी "सुधारित" असं लिहिते, म्हणजे तीस वर्षांनी कोणी त्यातली आत्या खरी समजायला नको.

तीन कॅसेटवर अजून बुरशी आहे. त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवल्या आहेत. पावसात गच्चीवर ते काम होत नाही. दिवाळीनंतर.